टार्गेट पुरं केलं, मंग तीनच काऊन?

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसकडे एका फायनान्स कंपनीच्या शाखेत मॅनेजर आहे. शाखेत पंधरा जण आहेत, बहुतेक फील्डवरची पोरं. यंदा वरून शीट आली की पाचचं रेटिंग दहा टक्क्यांच्या वर द्यायचं नाही. माझ्या मते निदान सहा जण पाचच्या लायकीचे आहेत. दोघं तर तोंडावर विचारतात, ‘साहेब, टार्गेट पुरं केलं, मंग तीनच काऊन?’ मला स्वतःलाच नीट पटलेलं नाही, तर त्यांना काय सांगू?

उत्तर: त्या पोरांच्या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. टार्गेट पूर्ण झाल्यावर तीन का, हा एक. आणि काम खरंच पाचच्या तोडीचं असूनही पाच का नाही, हा दुसरा. आपण मॅनेजर लोक दोन्हींना ‘वरून आलंय’ हे एकच उत्तर देतो, आणि तिथेच फसतो. पहिल्याचं उत्तर रेटिंगच्या व्याख्येत आहे, दुसऱ्याचं पैशात आणि इतर शाखांमध्ये.

पहिलं सोपं आहे. पोरांच्या डोक्यात दहावीचा निकाल असतो. पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के, म्हणजे काठावरचा फर्स्ट क्लास. वर्षभर उन्हातान्हात गाडी फिरवून साठ टक्के, असा हिशेब तो घरी बायकोला सांगतो. रेटिंगचा आकडा मात्र मार्क नसतो, तो नुसता कप्प्याचा नंबर असतो. तुमच्या कंपनीच्या शीटवर तीनसमोर काय लिहिलंय ते एकदा मोठ्याने वाचून दाखवा. जवळपास सगळीकडे ‘अपेक्षेप्रमाणे काम’ अशाच अर्थाचं काहीतरी असतं. टार्गेट म्हणजेच अपेक्षा, तेव्हा टार्गेट पूर्ण करणारा तीनमध्येच बसतो. त्याने काही कमी केलं म्हणून तो तिथे नाही, ठरलेलं सगळं केलं म्हणून आहे. चार आणि पाच हे ठरल्यापलीकडच्या कामासाठी असतात. हे एप्रिलमध्ये, वर्ष सुरू होताना सांगितलं तर पोरगं मान डोलावतं. मार्च संपल्यावर सांगितलं की त्याला ती पळवाट वाटते. यंदा वेळ गेली असेल तर गेली, पण नव्या वर्षाचं टार्गेट हातात देताना ‘हे पूर्ण केलं की तीन’ हे त्याच कागदावर लिहा.

दुसरा प्रश्न खरा अवघड आहे, आणि तो पैशाशिवाय समजत नाही. तुमच्यासारख्याच चार शाखांचा हिशेब मांडतो. दारव्हा, दिग्रस, आर्णी, नेर, प्रत्येकी पंधरा, एकूण साठ माणसं. समजायला सोपं जावं म्हणून सगळ्यांचा पगार सारखाच वीस हजार धरू. महिन्याचा पगार बारा लाख झाला. कंपनीने यंदाच्या वाढीसाठी आठ टक्के ठेवले, म्हणजे महिन्याला ९६,००० रुपये. रेटिंग ठरायच्या आधीच ही रक्कम ठरलेली असते. पोरांना वाटतं की आधी रेटिंग होतं आणि मग त्याप्रमाणे पैसे येतात. प्रत्यक्षात पैसे आधी येतात, आणि रेटिंग हे त्यांचे वाटे घालायचं माप असतं.

आता वाटे असे. पाचवाले सहा जण, त्यांना १४ टक्के, म्हणजे माणशी २,८०० रुपये. चारवाले बारा, त्यांना १० टक्के, माणशी २,०००. तीनवाले छत्तीस, साडेसात टक्के, माणशी १,५००. उरलेले सहा दोनमध्ये, त्यांना जेमतेम एक टक्का, २०० रुपये. गुणाकार करून बेरीज करा: १६,८००, २४,०००, ५४,००० आणि १,२००. बरोबर ९६,००० होतात, एक रुपया शिल्लक राहत नाही.

रेटिंग ठरवायच्या बैठकीत चार मॅनेजरांनी आपापल्या मनाने भरून आणलेल्या शीटा एकत्र केल्या की काय होतं ते बघा. समजा, पाचमध्ये सव्वीस, चारमध्ये बावीस, तीनमध्ये बारा आणि दोनमध्ये कोणीच नाही. हे अतिशयोक्त वाटेल, पण माझ्या अनुभवात पहिली शीट साधारण अशीच फुगलेली येते. त्याच टक्केवारीने याचा खर्च १,३४,८०० रुपये होतो. म्हणजे महिन्याला ३८,८०० रुपये कमी पडतात, वर्षाला साडेचार लाखांच्या वर. आता कंपनी दोनपैकी एक करणार. एक तर मॅनेजरांना रेटिंग खाली आणायला सांगणार, नाहीतर रेटिंग तसंच ठेवून टक्केच कापणार. दुसरं केलं तर पाचवाल्याच्या हातात चौदाऐवजी जेमतेम दहा टक्के पडतात, आणि मग तोच तुमच्याकडे येऊन विचारतो की या पाचचा उपयोग काय.

हाच हिशेब शेवटच्या टोकाला नेऊन बघा, कारण पोरांना तिथेच पटतं. साठच्या साठ जणांना पाच दिलं तर प्रत्येकाला आठ टक्के, म्हणजे १,६०० रुपये. ज्याला पूर्वी तीन मिळालं असतं त्याचे शंभर रुपये वाढले, म्हणजे लिटरभर पेट्रोलच्या आसपास. खऱ्या पाचवाल्याचे मात्र दर महिन्याला बाराशे गेले. दोनवाल्याचे चौदाशे वाढले. सगळ्यांना वरचं रेटिंग देण्याचा सगळ्यात मोठा फायदा ज्याने काम केलं नाही त्याला होतो, आणि त्याचा भुर्दंड ज्याने सगळ्यात जास्त केलं त्याला पडतो. हा हिशेब मी नेहमी पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पोरांच्याच हाताने करून घेतो. आपण करून दाखवला तर ते ऐकून घेतात. त्यांनी स्वतः गुणाकार केला तर दोन मिनिटं गप्प बसतात आणि मग खरे प्रश्न विचारतात. तुमच्या कंपनीचे खरे टक्के सांगायची परवानगी नसेल तर हेच गोल आकडे वापरा, पण ते खरे नाहीत हे आधी सांगा.

इथे एक चलाख पोरगं हमखास विचारेल: ‘मंग सहाच काऊन? आठ करा, जरा कमी कमी द्या.’ बरोबर आहे त्याचं. दहा टक्के हा काही निसर्गनियम नाही. पाचवाल्याला बारा टक्के दिले तर त्याच पैशात एक जण जास्त बसतो. किती जण आणि कितीचा वाटा, हा कंपनीने घेतलेला निर्णय असतो आणि तो तसाच सांगावा. माणसांची गुणवत्ता घंटेच्या आकाराने वाटलेली असते, असं काहीतरी प्रशिक्षणात शिकून येऊन सांगणारे मॅनेजर मी पाहिले आहेत. तसं सांगू नका. मुलाखत घेऊन, निवडून घेतलेल्या पंधरा जणांमध्ये दहा टक्के उत्तम आणि दहा टक्के वाईट निघालेच पाहिजेत, असा कोणताही नियम नाही.

यातूनच तुमच्या शाखेचा मुद्दा निघतो, आणि त्यात तुम्ही अर्धे बरोबर आहात. दहा टक्के हे माप साठांच्या गटाला लावलं तर ठीक, पंधराच्या शाखेला लावलं तर चुकीचं. दर दहात एक खरंच उत्तम असतो आणि असे लोक शाखाशाखांत योगायोगाने विखुरलेले आहेत, असं धरून गणित केलं तर पंधराच्या शाखांपैकी साधारण पाचांतल्या एकीत असा एकही माणूस नसतो. तिघांतल्या एकीत एकच असतो. चौथाईहून थोड्या जास्त शाखांत दोन, आणि पाचांतल्या एकीपेक्षा थोड्या कमी शाखांत तीन किंवा त्याहून जास्त. म्हणजे प्रत्येक शाखेला दीड-दोन पाच वाटून दिले तर एका शाखेत नुसता बरा माणूस पाच घेऊन जातो आणि दुसरीत खरा हिरा चारवर अडकतो. म्हणून तुमच्या एरिया मॅनेजरला स्पष्ट विचारा की ही मर्यादा शाखेवर आहे की चारही शाखा मिळून आहे. मिळून असेल तर तुमच्या शाखेला तीनही मिळू शकतात, किंवा एकही मिळणार नाही असंही होऊ शकतं. शाखेवर असेल तर लेखी हरकत घ्या, हाच हिशेब जोडून. या मुद्द्यावर भांडण्यात अर्थ आहे.

आणि अर्धे चूक कुठे, तर ‘सहा जण पाचच्या लायकीचे’ या वाक्यात. तुम्ही फक्त दिग्रस बघता. नेरचा मॅनेजर फक्त नेर बघतो, आणि त्याच्याही मते सहा-सात जण पाचचे आहेत. आपल्या माणसाचं काम आपल्याला जवळून दिसतं. त्याच्या घरचं आजारपण माहीत असतं, पावसात नाल्याला पूर असताना तो गावातल्या कर्जदार बायकांच्या सेंटर मीटिंगला कसा पोचला ते माहीत असतं. शिवाय वर्षभर त्याच्यासोबत रोज चहा प्यायचा असतो. त्यामुळे हात सैल सुटतो. यात बेईमानी नसते, पण चार मॅनेजरांचे हात सारखे सैल नसतात. कडक मॅनेजरच्या शाखेतला चार आणि सैल मॅनेजरच्या शाखेतला पाच, यात कोण वरचढ हे आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी सगळ्यांना एका टेबलाशी बसवून नावं शेजारी शेजारी ठेवावी लागतात. त्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. पोरांना ‘मापं जुळवणं’ म्हटलं की लगेच कळतं. बाजारात कापूस विकताना दोन काट्यांवर दोन वजनं आलेली त्यांनी लहानपणापासून बघितली आहेत.

ही बैठक आतून कशी असते ते सांगतो, कारण कर्मचाऱ्यांच्या मनात तिच्याबद्दल फार शंका असतात. मी बसलो होतो त्या एका बैठकीत सहा जागांसाठी दोन डझनांवर नावं होती. पहिल्या अर्ध्या तासात चार नावं बिनविरोध झाली. अशी नावं इतर शाखांच्या लोकांनाही माहीत असतात. पंधरा-सोळा नावं तेवढ्याच वेळात चारमध्ये किंवा तीनमध्ये गेली, कारण ‘ठरल्यापलीकडे काय केलं’ या प्रश्नावर त्यांच्या मॅनेजरकडे ‘पोरगा चांगला आहे, कधी नाही म्हणत नाही’ याच्यापुढे काही नव्हतं. उरलेल्या दोन जागांसाठी पाच नावांवर दीड तास गेला.

त्यातल्या दोघांचं सांगतो. एक दारव्ह्याकडचा मुलगा. वसुली ९९.७ टक्के, थकबाकी जवळपास शून्य, नव्या कर्जाचं टार्गेट पूर्ण. दुसरी आर्णीकडची मुलगी. वसुली ९७.८ टक्के. नुसत्या शीटवर बघितलं तर मुलगा दोन पावलं पुढे. पण मुलाकडची सेंटर जुनी होती, त्याच्या आधीच्या माणसाने चार वर्षं नीट बांधलेली, आणि बरीच गावं ओलिताखालची. मुलीला जूनमध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर, नोकरी सोडून गेलेल्या माणसाची सेंटर मिळाली होती. त्यात एकेचाळीस खाती थकलेली होती, आणि तीन गावांतल्या बायका मीटिंगला यायच्याच बंद झाल्या होत्या. तिच्या मॅनेजरने वही काढली. मार्चअखेर एकेचाळीसची बारा खाती राहिली होती, आणि नवीन एकही थकलं नव्हतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिने जुनी कर्जं नव्या कर्जाने झाकली नव्हती. ते करणं सोपं असतं आणि आकडे लगेच सुंदर दिसतात. पाच तिला मिळालं. मुलाला चार.

आता मुलाची बाजू बघा. त्याच्या कामात खोट काढायला जागाच नव्हती. त्याने दिलेलं सगळं केलं, तेही सफाईने. त्याला सोपी सेंटर मिळाली हा त्याचा दोष नाही. म्हणून त्याला सांगायचं वाक्य असं हवं: ‘तुझ्या कामात कमतरता सापडली नाही. जागा दोन होत्या, नावं पाच होती, आणि ज्यांना मिळालं त्यांनी बिघडलेलं काम हाती घेऊन सुधारलं होतं. तुझ्याकडे तसं काम यंदा नव्हतं.’ मुलीचं नाव, तिची वसुली, तिचे आकडे त्याला सांगायचे नाहीत. कोणत्या प्रकारच्या कामाला वजन मिळालं एवढं मात्र सांगायलाच हवं. ते सांगितलं नाही तर तो स्वतःच कारण शोधतो, आणि त्याला सापडणारं कारण नेहमी जात, गाव किंवा साहेबाची मर्जी यांपैकी एक असतं.

बहुतेक मॅनेजर इथेच घाण करतात, आणि मीही केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, एका सूतगिरणीत मी नवाच पर्सोनेलला होतो. रिंग फ्रेमवरच्या एका सुपरवायझरचं रेटिंग बैठकीत एक पायरी खाली आलं, निव्वळ जागा नव्हत्या म्हणून. हे त्याच्या तोंडावर सांगायला मला जड गेलं. मग मी कारण तयार केलं. म्हटलं, तुमचं खालच्या लोकांशी बोलणं जरा कमी पडतं. तो गप्प राहिला. पुढचे सहा महिने त्या माणसाने शिफ्टमध्ये प्रत्येकाला थांबवून बोलायला सुरुवात केली. कामगार वैतागले, धागा तुटायचं प्रमाण वाढलं, आणि पुढच्या वर्षी त्याचं रेटिंग खरोखर घसरलं. मी सांगितलेली खोट खरी नव्हती, आणि ती सुधारण्याच्या नादात त्याचं चांगलं काम गेलं. वर्षभराने त्याने नोकरी सोडली. तेव्हापासून माझा एक नियम आहे. बैठकीत रेटिंग ज्या कारणाने खाली आलं तेच कारण माणसाला सांगायचं, नवं कारण जन्माला घालायचं नाही. जागा कमी होत्या, तर ‘जागा कमी होत्या’ असंच म्हणायचं.

याची उलटी चूकही सारखीच वाईट: ‘मी तर तुला पाचच दिलं होतं रे, वरच्यांनी कापलं.’ त्या क्षणी पोरगं तुमच्यावर खूश होतं, पण पुढच्या वर्षी तुमच्या शब्दाला किंमत उरत नाही, कारण तुमच्या हातात काही नाही हे तुम्हीच सांगून टाकलेलं असतं. शिवाय ते बहुधा अर्धसत्य असतं. त्या टेबलाशी तुम्हीही बसला होतात आणि शेवटी मान डोलावली होती. नसेल पटलं तर तिथेच भांडायचं असतं.

नव्या कर्जाच्या टार्गेटबद्दल तुमच्या धंद्यापुरता एक इशारा देतो. रेटिंग फक्त वाटपाच्या आकड्यावर बांधलं तर पाच मिळवायची घाई थेट गावात उतरते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कुटुंबाच्या महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम सगळ्या कर्जांच्या हप्त्यांत जाता कामा नये. टार्गेटच्या दीडशे टक्के वाटप करणारं पोरगं समोर आलं की त्याला पाच द्यायच्या आधी त्याचे दहा फॉर्म उघडून मिळकतीचा रकाना बघा. कोरडवाहू दोन एकरवाल्या दहाच्या दहा घरांची मिळकत सारखीच गोल आणि सोयीची लिहिलेली दिसली, तर तो माणूस पाचचा नाही. कदाचित तीनचाही नाही.

तुम्ही आतापासून एक गोष्ट मात्र सुरू कराच. आपल्याकडे रेटिंगचा महिना आणि पिकाचा महिना जुळत नाहीत. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन विकलं जातं, मग कापूस, मग तूर. मार्चपर्यंत लोकांच्या हातात जे काही यायचं ते आलेलं असतं. त्यामुळे रेटिंग भरायला बसतो तेव्हा जवळपास सगळ्यांचीच वसुली बरी दिसते आणि सगळेच पाचचे वाटतात. माणूस ओळखायचा महिना ऑगस्ट. बी-खतात पैसा गेलेला असतो, पीक शेतात असतं, एक फवारणी झालेली आणि दुसरीचे पैसे नसतात. त्या महिन्यात कोणाची सेंटर भरते, कोण मीटिंगला न आलेल्या बाईच्या घरी जाऊन अरेरावी न करता बोलून येतो, हे त्याच आठवड्यात तारखेसह दोन ओळींत लिहून ठेवा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हा आपल्या भागात जे झालं ते आठवा. अशा वर्षी आकडे सगळ्यांचेच पडतात, आणि माणसामाणसांतला फरक फक्त अशा वहीतच सापडतो. आर्णीच्या मुलीला पाच मिळालं ते तिच्या मॅनेजरकडे वही होती म्हणून. नुसतं तोंडाने मांडलं असतं तर जागा दारव्ह्याला गेली असती. या पद्धतीची ही कमजोरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही: ज्याचा मॅनेजर तयारीने येतो किंवा मोठ्याने बोलतो त्याचं माप वर जातं. आवाजाबद्दल आपण फार काही करू शकत नाही, पण तयारी तुमच्या हातात आहे.

वाटणी बिघडलेली कशी ओळखायची, तेही सांगतो. तीन वर्षांच्या शीटा शेजारी ठेवा. पाच नंबर आळीपाळीने फिरतोय असं दिसलं, यंदा याला, पुढच्या वर्षी त्याला, तर तिथे रेटिंग होत नाही, भिशी चालते. दोनमध्ये दरवर्षी नवीन लागलेलाच पोरगा किंवा बाळंतपणाच्या रजेवरून आलेलीच बाई असेल, तर मॅनेजर जागा भरायला आवाज नसलेला माणूस शोधतोय. रजेवरच्या बाईचं काम ती हजर होती तेवढ्याच महिन्यांवर, तेवढ्याच प्रमाणातल्या टार्गेटवर मोजायचं असतं. आणि सगळ्यात जास्त थकबाकी असलेल्या शाखेत सगळ्यात जास्त पाच असतील तर कुठेतरी माप चुकलंय.

खालच्या टोकाबद्दल माझं मत वेगळं आहे, आणि ते मी बैठकीतही मांडतो. वरच्या जागा मोजक्या ठेवायला पैशाचं कारण आहे. दोनमध्ये अमुक इतके टाकलेच पाहिजेत याला मात्र तसं कारण नाही. वरच्या हिशेबात दोनवाले सहाच्या ऐवजी दोनच निघाले, आणि उरलेले चौघे तीनमध्ये आले, तर महिन्याला ५,२०० रुपये जास्त लागतात. तेवढे चारच्या जागा तीन-चारने कमी करून आणि तीनच्या टक्क्यांत थोडी कपात करून बसवता येतात. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने जॅक वेल्चच्या काळात वरचे वीस, मधले सत्तर आणि खालचे दहा टक्के अशी सक्तीची विभागणी गाजवली. खालच्या दहांना बाहेरची वाट दाखवली जायची. मायक्रोसॉफ्टनेही तशी सक्ती बरीच वर्षं चालवली आणि २०१३ मध्ये बंद केली, कारण माणसं एकमेकांना मदत करायची सोडून एकमेकांशीच स्पर्धा करत होती. तुमच्या शाखेत हे फार लवकर दिसेल. शेजारच्या सेंटरवरचा माणूस आजारी असताना त्याची मीटिंग घ्यायला कोणी तयार होत नसेल, तर समजा की आकडा डोक्यात शिरला.

कोणीतरी हमखास म्हणेल की माझे काका जिल्हा परिषदेत शिक्षक आहेत, त्यांच्याकडे असली भानगड नाही. खरं आहे. सातव्या वेतन आयोगाच्या पद्धतीत वार्षिक वाढ सरसकट तीन टक्के असते, गोपनीय अहवाल उत्तम असो की नुसता चांगला. तिथे वरचा शेरा कितीही जणांना दिला तरी त्या वर्षी एकाचा वाटा दुसऱ्याच्या खिशातून जात नाही, म्हणून जागा मोजायची गरज पडत नाही. शेऱ्याचा उपयोग बढतीच्या वेळी होतो. त्यांच्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सांगितलं की सरकारी नोकराच्या अहवालातला प्रत्येक शेरा, चांगला असला तरी, त्याला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर दाद मागता येते. खासगी कंपनीला तो निकाल तसाच लागू होत नाही, पण रेटिंगसोबत दोन ओळींचं कारण लेखी द्यायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही.

आता तुमच्या त्या दोन पोरांकडे या. दोघांना एकत्र बसवू नका, आणि शाखेत सगळ्यांसमोर तर नाहीच. आधी पावतीपुस्तकाचा हिशेब सगळ्या पंधरा जणांना एकदा दाखवा, त्यात कोणाचंही नाव घेऊ नका. मग एकेकाला वेगळं घ्या. पहिल्या वाक्यात रेटिंग सांगा, प्रस्तावना नको. त्याला दोन मिनिटं चिडू द्या. मग त्याच्या वर्षातली तारखेसह एक गोष्ट सांगा, जी तुम्हाला खरंच आवडली होती, आणि हे तीन व्याख्येमुळे आहे की जागांमुळे, ते स्पष्ट सांगा. दोन्ही गोष्टी एका वाक्यात मिसळू नका.

शेवटी तो विचारणारच, ‘मंग पुढच्या साली भेटन का?’ हो म्हणू नका. पुढच्या वर्षी सहा जागा असतील की चार, आणि नेरमध्ये कोण काय करेल, हे तुमच्या हातात नाही. त्याऐवजी त्याला विचारा की शाखेतलं सगळ्यात बिघडलेलं सेंटर जूनपासून घ्यायची तयारी आहे का. घेतलं तर पहिले चार महिने त्याचे आकडे आजच्यापेक्षा खराब दिसतील, तेही आत्ताच सांगा, आणि आजची थकलेली खाती किती आहेत ते त्याच्यासमोर वहीत लिहून दोघांनी सही करा.